शून्य दिसलं की टोबिट

घरोघरच्या खर्चाच्या आकडेवारीवर लिहिलेले प्रबंध माझ्याकडे तपासायला येतात. फ्रिज, पंखा, सायकल, मोटारसायकल, टीव्ही, कपाट अशा टिकाऊ वस्तूंवर कुटुंबं किती पैसे खर्च करतात, असा विषय असला की पद्धतीच्या प्रकरणात काय लिहिलं असणार हे मला पान उलटण्याआधीच कळतं. ‘बऱ्याच कुटुंबांचा खर्च शून्य असल्यामुळे टोबिट मॉडेल वापरले आहे.’ एवढं एकच वाक्य. मग थेट तक्ता, तक्त्यात गुणांक, गुणांकांच्या डोक्यावर तारका. शून्य कुठून आले, त्या घरात नेमकं काय झालं होतं, याबद्दल अवाक्षर नाही. मार्गदर्शक सही करतात, समिती मान डोलावते, आणि ‘उत्पन्न हजार रुपयांनी वाढल्यास टिकाऊ वस्तूंवरील खर्च इतका वाढतो’ असं विधान पदवीसकट बाहेर पडतं.

ही आळशी सवय आहे आणि तिने घरखर्चाच्या अभ्यासाची नासाडी चालवली आहे, असं माझं स्पष्ट म्हणणं आहे. टिकाऊ वस्तूंच्या खर्चात जी शून्यं दिसतात, त्यांतली बहुतेक टोबिटला अपेक्षित असलेली शून्यं नसतातच. हे न तपासता ते मॉडेल चालवणारा माणूस आकडेमोड अचूक करतो आणि उत्तर चुकीचं देतो.

आधी ज्याचं श्रेय त्याला. जेम्स टोबिन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९५८ साली ‘इकॉनोमेट्रिका’त हे मॉडेल मांडलं, तेही टिकाऊ वस्तूंच्याच खर्चासाठी. त्याच्यापुढची अडचण खरी होती. खर्च शून्याखाली जाऊ शकत नाही. अनेक कुटुंबं नेमकी शून्यावर असतात आणि बाकीची वर पसरलेली. उत्पन्न, वय, शिल्लक यांच्याशी खर्चाचं नातं दाखवायला त्यातून सरळ रेषा ओढली, तर ती खालच्या टोकाला शून्याच्याही खाली घुसते. शून्यवाली घरं काढून टाकली तर उरलेली घरं निवडक होतात आणि रेषा वेगळ्याच रीतीने बिघडते. टोबिनने सुचवलं की प्रत्येक कुटुंबाची एक आतली, न दिसणारी ओढ धरावी. ती उत्पन्न-वय वगैरेंवर सरळ रेषेत अवलंबून असते आणि तिच्याभोवतीचा चढउतार प्रसामान्य वितरणाने होतो. ओढ शून्याच्या वर असेल तर तेवढाच खर्च दिसतो, खाली असेल तर शून्य दिसतं.

```
y* = xβ + u,   u ~ N(0, σ²)
y  = max(0, y*)
```

‘टोबिट’ हे नाव पुढे आर्थर गोल्डबर्गरने १९६४ मध्ये रूढ केलं. टोबिनला १९८१ साली नोबेल मिळालं. पण त्याची मूळ आकडेवारी काय होती, हे त्याचं नाव घेणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी पाहिलेलं असतं. ती होती १९५२ आणि १९५३ च्या अमेरिकन ग्राहक-वित्त पाहणीतल्या, दुसऱ्यांदा भेटलेल्या ७३५ बिगरशेती कुटुंबांची. खर्च धरला होता १९५१ आणि १९५२ या दोन्ही वर्षांचा मिळून, आणि तोही त्या दोन वर्षांच्या उत्पन्नाशी असलेल्या प्रमाणात. तीस दिवसांचा नाही, एका वर्षाचाही नाही. घराकडे पाहण्याची ही मुदत इथे फार महत्त्वाची आहे, आणि नेमकी तीच आपल्याकडच्या तक्त्यांतून गायब असते.

आता शून्य खर्चाच्या घराबद्दल टोबिट काय म्हणतं ते नीट वाचा. त्या घराची ओढ उणे आहे, म्हणतं. कुणाची उणे दोन हजार, कुणाची उणे साठ हजार. वस्तू घेण्यापासून ते घर तितकं लांब आहे आणि उत्पन्न पुरेसं वाढलं तर शून्य ओलांडून खरेदीच्या बाजूला येईल. टोबिटच्या मते सगळी शून्यं एकाच जातीची आणि सगळी एकाच रस्त्यावर उभी. कमी-जास्त अंतरावर, एवढाच फरक.

राष्ट्रीय नमुना पाहणीच्या उपभोग-खर्चाच्या प्रश्नावलीत टिकाऊ वस्तूंचा एक स्वतंत्र भाग असतो. तो समोर घेऊन बसा. प्रत्येक वस्तूपुढे पहिला प्रश्न असतो, ही वस्तू सध्या घरात आहे का? मग नवी घेतली असेल तर किती नग आणि किती किमतीला. मग दुरुस्ती आणि बांधणीसाठी साहित्य व मजुरी यांवर किती गेले. मग जुनी, म्हणजे वापरलेली वस्तू घेतली असेल तर तिचा खर्च. शेवटी बेरीज. प्रबंधवाले ही बेरीज उचलतात आणि बाकी सगळं टाकून देतात.

त्या बेरजेच्या रकान्यात तीन घरांपुढे शून्य आहे असं धरा. पहिल्या घरात तीन वर्षांपूर्वी घेतलेला फ्रिज व्यवस्थित चालतोय. त्यांनी यंदा फ्रिजवर खर्च केला नाही, कारण त्यांना फ्रिज मिळालेला आहे. दुसऱ्या घरात फ्रिज नाही आणि घ्यायची ऐपतही नाही. तिसऱ्या घराने चौदा महिन्यांपूर्वी फ्रिज घेतला, पाहणी मागच्या वर्षभराचंच विचारते, म्हणून शून्य. टोबिटच्या नजरेत ही तिन्ही घरं फ्रिजची ओढ नसलेली. प्रत्यक्षात पहिलं आणि तिसरं घर रोज त्या फ्रिजमधलं दूध काढतंय. फक्त दुसरं घर टोबिनच्या कल्पनेतल्या घराच्या जवळ जाणारं आहे. आणि दुसऱ्या घराला बाकी दोघांपासून वेगळं करणारा प्रश्न, वस्तू घरात आहे का, हा त्याच पानावर, त्याच ओळीत, बेरजेच्या चार बोटं डावीकडे छापलेला असतो. सर्वेक्षकाने उन्हातान्हात दारोदार जाऊन तो विचारलेला असतो. संगणकासमोर बसलेल्या माणसाला तो रकाना फाइलमध्ये ओढून घ्यायचे कष्ट होतात. याचा मला राग येतो आणि तो मी लपवणार नाही.

या दुर्लक्षाची किंमत किती, ते एका हिशोबाने दाखवते. आकडे मी मुद्दाम गोल घेतले आहेत, म्हणजे कागद-पेन्सिलीने पडताळता येतील. एक गाव घ्या जिथे सगळी कुटुंबं अगदी सारखी आहेत. प्रत्येकाकडे एक फ्रिज, किंमत २० हजार, तो दहा वर्षं चालतो, बिघडला की लगेच नवा घेतात. कुणाचा कधी बिघडेल हे वर्षांवर सारखं विखुरलेलं आहे. या गावात फ्रिजच्या ओढीत घराघरांत काडीचाही फरक नाही. प्रत्येक घराचा खरा वार्षिक खर्च सरासरी २ हजार.

पाहणी आली आणि मागच्या एका वर्षाचा खर्च विचारून गेली. दहा टक्के घरं २० हजार सांगतील, नव्वद टक्के शून्य. या दोन गोष्टी, दहा टक्के खरेदीदार आणि खरेदीदारांची सरासरी २० हजार, टोबिटच्या सूत्रात बसवल्या की ओढीची सरासरी येते सुमारे उणे ५४ हजार आणि प्रमाण विचलन सुमारे ४२ हजार. ज्या गावात प्रत्येक घरात फ्रिज आहे, त्या गावाला फ्रिजची ओढ उणे ५४ हजार! आणि घरं हुबेहूब सारखी असताना त्यांच्यात ४२ हजारांची तफावत! हे आकडे कुटुंबांमधून आलेले नाहीत. त्यांचा उगम ‘एक वर्ष’ या शब्दांत आहे.

आता त्याच गावाला मागच्या तीस दिवसांचं विचारा. एका महिन्यात दर एकशेवीस घरांमागे एक घर फ्रिज घेतं. खरेदीदार आता एक टक्क्याहूनही कमी, किंमत तीच २० हजार. पुन्हा तेच सूत्र लावा. ओढीची सरासरी घसरते उणे १ लाख ४४ हजारांवर आणि प्रमाण विचलन चढतं ६० हजारांवर. गावात काहीच बदललं नाही. फ्रिज तेच, माणसं तीच, पगार तेच. बदलला तो फक्त प्रश्नातला कालावधी. मुदत वाढवून दहा वर्षं केली, तर प्रत्येक घर २० हजार सांगेल, शून्य एकही उरणार नाही, ओढ अधिक २० हजार आणि तफावत शून्य. एकाच गावाची ओढ उणे दीड लाखापासून अधिक वीस हजारांपर्यंत कुठेही नेता येते, ती प्रश्नावली छापणाऱ्याच्या मर्जीने. जी गोष्ट कुटुंबाची म्हणून सांगितली जाते ती कुटुंबाची नसून घड्याळाची असेल, तर त्या गोष्टीवर धोरण कशाचं आखता?

आणि इथे साधी सरासरी काय करते ते पाहा. एका वर्षाच्या उत्तरांची शून्यासकट सरासरी, दहा टक्के गुणिले २० हजार, म्हणजे २ हजार. महिन्याच्या उत्तरांची शून्यासकट सरासरी सुमारे १६७ रुपये, गुणिले बारा, पुन्हा २ हजार. दोन्ही वेळा बरोबर उत्तर. ज्या घराने यंदा खरेदी केली नाही त्याची भरपाई खरेदी केलेलं घर करतं, आणि सरासरीत दोघांचा हिशोब चुकता होतो. म्हणून शून्य जर वेळेच्या खिडकीमुळे आलं असेल, तर शून्यं जशीच्या तशी ठेवून केलेलं साधं रिग्रेशन सरासरी खर्चाचं नातं बरोबर पकडतं. त्याचे अंदाज हलतात, कारण नमुन्यात खरेदीदार थोडे, पण ते एका बाजूला झुकत नाहीत. झुकतं ते टोबिट. पाठ्यपुस्तकातलं ‘शून्यं असताना साधं रिग्रेशन चुकीचं’ हे वाक्य पाठ करून आलेल्यांना मी हे सांगते तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर अविश्वास उमटतो. ते वाक्य टोबिटची गोष्ट खरी असेल तरच खरं आहे, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. खर्च आणि उपभोग यांच्यातली ही फट १९८४ साली के, कीन आणि मॉरिस यांनी आणि त्याच वर्षी डीटन आणि आयरिश यांनी शून्य खर्चाच्या प्रश्नावर लिहिताना उघडी करून ठेवली होती. चाळीस वर्षं झाली त्याला.

कुणी म्हणेल, गाव काल्पनिक आहे. मग खरं घ्या. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०११-१२ च्या ६८व्या फेरीत एका प्रकारच्या प्रश्नावलीने टिकाऊ वस्तूंचा खर्च त्याच कुटुंबाला दोन्ही मुदतींसाठी विचारला होता, मागचे ३० दिवस आणि मागचे ३६५ दिवस. म्हणजे एकच घर, एकच दिवस, दोन उत्तरं. टोबिट ज्याला कुटुंबाची ओढ म्हणतं ती खरोखर कुटुंबाची असेल, तर मुदत बदलल्यावर तिचा अर्थ बदलता कामा नये. फाइल मिळते, दोन्ही रकाने त्यात आहेत, एका दुपारचं काम. आजवर माझ्या टेबलावर आलेल्या एकाही प्रबंधात ते केलेलं मी पाहिलं नाही. सरकारी यंत्रणेला मुदतीचं महत्त्व कळलं. टिकाऊ वस्तूंसाठी ३६५ दिवसांची मुदत मिश्र संदर्भ कालावधीत आली, तेंडुलकर समितीने २००९ मध्ये दारिद्र्यरेषेसाठी तीच पद्धत धरली आणि २०२२-२३ च्या पाहणीतही टिकाऊ वस्तूंसाठी वर्षाचीच मुदत आहे. खालच्या थरातल्या घरांपुढची खोटी शून्यं कमी झाली, हा त्यातला मोठा फायदा. विद्यापीठांतल्या लोकांना मात्र मुदत ही तळटीप वाटते.

टोबिटचा दुसरा दोष अधिक खोल आहे, आणि तो मुदत कितीही वाढवली तरी जात नाही. टोबिटमध्ये प्रत्येक कारणाला एकच गुणांक मिळतो. तोच गुणांक घर खरेदी करेल की नाही हे ठरवतो आणि केली तर कितीची करेल हेही ठरवतो. एखाद्या कारणाने खरेदीची शक्यता वाढत असेल, तर त्याच कारणाने खरेदीची रक्कमही वाढलीच पाहिजे. उलटं होण्याची वाटच मॉडेलमध्ये नाही.

प्रत्यक्षात काय होतं? एका वस्तीत लोक २० हजारांचा चांगला फ्रिज घेतात, दहा वर्षं टिकतो. शेजारच्या वस्तीत हातात पैसे कमी आणि विजेचा दाब सतत वरखाली होतो. तिथे १० हजारांचा फ्रिज घेतात, तो पाच वर्षांत जातो. दोन्हीकडे वर्षाला सरासरी २ हजारच खर्च. पण दुसऱ्या वस्तीत वर्षाला वीस टक्के घरं खरेदी करताना दिसतात, पहिलीत दहा टक्के. दुसरीतली खरेदी मात्र निम्म्या रकमेची. टोबिटला ‘वस्ती’ या कारणाला एक आकडा द्यायचा आहे. शक्यतेकडे पाहिलं तर तो वर जायला हवा, रकमेकडे पाहिलं तर खाली. मॉडेल दोन्हींची ओढाताण करून मधला काहीतरी आकडा छापतं, त्यावर तारका देतं, आणि स्वस्त वस्तू वारंवार बिघडून गरीब घराचा खिसा कसा कापला जातो ही त्या तक्त्यातली खरी बातमी कायमची पुसली जाते.

दुरुस्तीचा खर्च याच बेरजेत असतो, हे आठवा. जुना पंखा असलेल्या घरात दीडशे रुपयांचं वाइंडिंग किंवा कपॅसिटर, जुन्या सायकलला टायर. असं घर शून्य नसतं, पण रक्कम चिमुकली असते. म्हणजे ‘घरात जुन्या वस्तू आहेत’ हे कारण शून्य नसण्याची शक्यता वाढवतं आणि रक्कम खाली ओढतं. पंख्याचा कपॅसिटर आणि नवी मोटारसायकल एकाच बेरजेत कोंबून त्यावर एकच गुणांक काढणं याला मी अभ्यास म्हणायला तयार नाही.

यावर उपाय नाही असंही नाही. जॉन क्रॅग यांनी १९७१ साली त्याच ‘इकॉनोमेट्रिका’त, पुन्हा टिकाऊ वस्तूंच्याच मागणीवर, दोन टप्प्यांचं मॉडेल मांडलं. पहिल्या टप्प्यात घेतलं की नाही, याचं प्रोबिट. दुसऱ्यात, ज्यांनी घेतलं त्यांनी किती खर्च केले, याचं शून्याशी छाटलेलं प्रसामान्य रिग्रेशन. दोन्ही टप्प्यांना आपापले गुणांक. टोबिट हा याचाच एक अरुंद कोपरा आहे. पहिल्या टप्प्याचे गुणांक हे दुसऱ्या टप्प्याच्या गुणांकांना प्रमाण विचलनाने भागून आलेल्या आकड्यांएवढेच असतील, तर क्रॅगचं मॉडेल आपोआप टोबिट होतं. त्यामुळे टोबिट टिकतं की नाही हे तपासणं अगदी सोपं आहे. तीनही मॉडेलं चालवा, प्रत्येकाची लॉग-लाइकलीहूड लिहून घ्या आणि एवढी वजाबाकी करा:

```
LR = 2 * (logL_probit + logL_truncated - logL_tobit)
```

हा आकडा काय-वर्ग तक्त्यात पाहा, स्वातंत्र्यमात्रा गुणांकांच्या संख्येएवढ्या. तक्त्यातल्या मर्यादेहून मोठा आला की टोबिट फेटाळलं गेलं. संगणक हे क्षणात करतो. एवढंही जमत नसेल तर प्रोबिटचे गुणांक आणि टोबिटचे प्रमाण विचलनाने भागलेले गुणांक शेजारी शेजारी लिहा. टोबिट खरं असेल तर दोन्ही रकाने जवळपास सारखे दिसले पाहिजेत. चिन्हंच उलटी दिसू लागली, तर पुढे एक ओळही लिहू नका.

क्रॅगचं मॉडेल म्हणजे रामबाण, असं मात्र नाही. यंदा घेतलं नाही आणि कधीच घेणार नाही, यांतला फरक त्यालाही आपणहून कळत नाही. त्यासाठी तो घरात-आहे-का रकानाच लागतो. वस्तू असलेली घरं आणि नसलेली घरं वेगळी करा. नसलेल्यांत पहिली खरेदी हा एक प्रश्न, असलेल्यांत बदली आणि दुरुस्ती हा दुसरा. दोन वेगळे निर्णय, दोन वेगळी कारणं.

आता त्या ‘हजार रुपयांनी उत्पन्न वाढल्यास’ या विधानाकडे येते, कारण सर्वांत सर्रास फसवणूक तिथे होते. टोबिटचा गुणांक हा त्या अदृश्य ओढीवरचा परिणाम आहे. घराच्या खिशातून जाणाऱ्या रुपयांवरचा नाही. सरासरी खर्चावरचा परिणाम हवा असेल तर गुणांकाला खर्च शून्याहून अधिक असण्याच्या शक्यतेने गुणावं लागतं. दहा टक्केच घरं खरेदी करत असतील, तर गुणांकाच्या साधारण एक-दशांश. उत्पन्नाचा गुणांक ०.३० आला म्हणून ‘हजार वाढले तर तीनशे टिकाऊ वस्तूंवर जातात’ असं लिहिणारा माणूस खऱ्या तीस रुपयांचे तीनशे करून सांगतो. दसपट चूक! किराणा दुकानदाराने केली तर गिऱ्हाईक दुकानात उभं राहून भांडेल. प्रबंधात ती बांधणीसकट ग्रंथालयात जाऊन बसते आणि पुढचा विद्यार्थी ती संदर्भ म्हणून वापरतो.

गुणण्याचं भान असलेले काही जण पुढे जाऊन मॅकडॉनल्ड आणि मॉफिट यांनी १९८० साली दिलेली विभागणी छापतात. एकूण परिणामातला किती भाग नव्या खरेदीदारांमुळे, किती आधीच घेणाऱ्यांनी जास्त खर्च केल्यामुळे. दिसायला फार माहितीपूर्ण. पण टोबिटमध्ये ही विभागणी फक्त एका गोष्टीवर ठरते, शून्याच्या वर असण्याच्या शक्यतेवर. ती शक्यता दहा टक्के असेल, तर सुमारे १७ टक्के परिणाम आधीच्या खरेदीदारांचा आणि ८३ टक्के नव्यांचा. फ्रिज असो, सोनं असो, ट्रॅक्टर असो, बारामती असो की बोस्टन. दहा टक्के म्हटलं की सतरा आणि त्र्याऐंशी. आकडेवारीने यात काहीही शोधून काढलेलं नसतं, मॉडेलने स्वतःच गृहीत धरलेलं तुम्हाला परत दिलेलं असतं. त्यावर ‘यावरून असे दिसून येते की नवीन ग्राहकांचा वाटा मोठा आहे’ असं लिहिणं ही शुद्ध दिशाभूल आहे.

प्रसामान्य वितरणाबद्दल थोडक्यात सांगते. साध्या रिग्रेशनमध्ये चढउतार घराघरांत कमीजास्त असला, तर फक्त अंदाजाच्या खात्रीचा आकडा बिघडतो, गुणांक जागेवर राहतात. टोबिटमध्ये गुणांकच चुकतात, नमुना कितीही मोठा घेतला तरी. आणि घरखर्चात श्रीमंत घरांची रक्कम गरीब घरांपेक्षा कितीतरी जास्त विखुरलेली असते, हे सांगायला कुणी तज्ज्ञ लागत नाही. खरेदीच्या रकमांचा साधा आलेख काढला तरी उजवीकडे लांबलेलं शेपूट दिसतं. तो आलेख प्रबंधात का नसतो?

मग टोबिट कुठे शोभतं? जिथे खरी रक्कम अस्तित्वात आहे आणि नोंद करणाऱ्याने ती एका मर्यादेशी कापली आहे, तिथे. उत्पन्नाच्या फॉर्ममध्ये शेवटचा चौकोन ‘५० हजार किंवा त्याहून अधिक’ असा असेल, तर त्या चौकोनातल्या माणसाला ठरावीक पगार आहेच, आपल्याला तो माहीत नाही इतकंच. तिथे न दिसणारी रक्कम ही कल्पना नसते. किंवा जिथे शून्य हा घराने विचार करून घेतलेला टोकाचा निर्णय आहे, वस्तू कितीही थोडी घेता येते, आणि जे शक्यता वाढवतं तेच रक्कमही वाढवतं. फ्रिज अर्धा घेता येत नाही. पाव मोटारसायकल मिळत नाही. शून्य आणि सर्वांत स्वस्त मॉडेलची किंमत यांच्यामध्ये आकडेवारीत मोठी मोकळी जागा असते, आणि टोबिटच्या हिशोबाने शून्याच्या लगेच वर सर्वांत जास्त गर्दी असायला हवी, कारण बहुतेक घरांची ओढ त्याने शून्याखाली धरलेली असते. ही मोकळी जागा हिस्टोग्रामवर नुसत्या डोळ्यांनी दिसते.

या सवयीचं मूळ सोयीत आहे, हे मला माहीत आहे. `R` मध्ये टोबिनच्या नावाचीच वीस ओळींची छोटी आकडेवारी येते, त्यातल्या तेरा ओळींत टिकाऊ वस्तूंचा खर्च शून्य, आणि एका आज्ञेत काम होतं:

```r
library(survival)
survreg(Surv(durable, durable > 0, type = "left") ~ age + quant,
        data = tobin, dist = "gaussian")
```

वर्गात हीच ओळ शिकवतात. ती कधीच अडत नाही, शून्यं कुठलीही असोत, मुदत कितीही असो, ती उत्तर देतेच. विद्यार्थ्याला दोष किती द्यायचा? त्याला शिकवणाऱ्यांनी स्वतः एकदाही सर्वेक्षकाबरोबर जाऊन तो भाग भरलेला नसतो. ‘परीक्षकांना टोबिट हवं असतं’ असं मला एका मौखिक परीक्षेत उमेदवाराने प्रामाणिकपणे सांगितलं. मी विचारलं होतं, तुमच्या नमुन्यातल्या शून्यवाल्या घरांपैकी किती घरांत फ्रिज आहे? त्याला माहीत नव्हतं. त्याच्या मार्गदर्शकांनाही माहीत नव्हतं, आणि त्यांना हा प्रश्न विषयाबाहेरचा वाटला. मॉडेलचं नाव, कमांडचं नाव, तारकांचा अर्थ, सगळं दोघांच्या जिभेवर होतं.

तेव्हापासून टिकाऊ वस्तूंवरचा प्रबंध टोबिट घेऊन आला की तो मी तीन मागण्यांसह परत पाठवते. शून्य खर्चाच्या घरांचा तक्ता, त्यात वस्तू असलेली किती आणि नसलेली किती. दुरुस्ती बाजूला काढून केलेली फक्त खरेदीची बेरीज, मुदत शीर्षकातच लिहिलेली. आणि क्रॅगविरुद्ध टोबिट या चाचणीचा एक आकडा. काही जण चिडतात, वरपर्यंत तक्रार जाते, दुसरा परीक्षक नेमला जातो आणि प्रबंध आहे तसा मंजूर होतो. जे तक्ता करून परत येतात, त्यांच्यातल्या बहुतेकांच्या दुसऱ्या खर्ड्यात टोबिट उरलेलं नसतं.